एचएसजीची फिल्म कशी वाचावी: पोकळीचा आकार आणि दोन्ही नळ्यांतून पुढे जाणारा द्रव

गर्भधारणा होत नाही म्हणून ज्या स्त्रिया तपासणीसाठी येतात, त्यांतील अनेकींच्या फाईलमध्ये एचएसजीचा, म्हणजे हिस्टेरोसाल्पिंगोग्राम या गर्भाशयाच्या आणि बीजवाहक नळ्यांच्या क्ष-किरण तपासणीचा, एका पानाचा अहवाल असतो. ‘डावी नळी दिसत नाही’ एवढे त्यात लिहिलेले असले, की घरी त्याचा अर्थ ‘डावी नळी बंद आहे’ असा घेतला जातो आणि काही वेळा पुढचे सगळे निर्णय त्याच समजुतीवर होतात. प्रत्यक्षात नळी न दिसणे आणि नळी बंद असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उलट बाजूनेही तशीच चूक होते. शेवटच्या फिल्ममध्ये ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंना पांढरे दिसले, म्हणून दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत असे मानले जाते, आणि तेही दरवेळी खरे नसते. ही फिल्म वाचताना डॉक्टर नेमके काय पाहतात, कोणत्या खुणेवरून कोणता निष्कर्ष काढता येतो आणि कोणता काढता येत नाही, हे या लेखात समजावून घेऊ.

फिल्मवर गर्भाशय दिसत नाही, द्रव दिसतो

तपासणीत गर्भाशयमुखातून एक बारीक नळी किंवा फुगा असलेला कॅथेटर आत ठेवतात आणि त्यातून आयोडीनयुक्त द्रव हळूहळू सोडतात. बोलताना त्याला ‘डाय’ म्हणतात, पण त्यात रंग नसतो. आयोडीन क्ष-किरण अडवते, म्हणून जिथे हा द्रव असतो ती जागा फिल्मवर पांढरी उमटते. फ्लुओरोस्कोपीच्या, म्हणजे क्ष-किरणांचे चालते चित्र दाखवणाऱ्या, पडद्यावर किंवा त्यावरून छापलेल्या प्रतींवर हेच उलटे, म्हणजे द्रव काळा, दिसू शकते. त्यामुळे हातातल्या प्रतीत हाडे पांढरी आहेत की काळी हे आधी पाहावे, म्हणजे गोंधळ होत नाही. या लेखात द्रव पांढरा धरला आहे. फिल्म आपल्याकडे तोंड करून झोपलेल्या व्यक्तीसारखी धरतात, म्हणून रुग्णेची उजवी बाजू वाचणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. बहुतेक फिल्मवर बाजूची खूण छापलेली असते आणि तीच प्रमाण मानावी.

पुढचे सगळे ज्यावर उभे आहे ती गोष्ट अशी, की गर्भाशयाची भिंत, तिचा बाहेरचा आकार आणि नळीभोवतालचे भाग यांतले काहीही या फिल्मवर दिसत नाही. दिसते ती फक्त द्रवाने भरलेली आतली पोकळी. रांगोळीच्या छाप्यातून खाली उमटलेल्या नक्षीवरून छाप्यातली भोके कळतात, पण छापा पत्र्याचा होता की प्लास्टिकचा आणि त्याची कड कशी होती हे कळत नाही. एचएसजीचेही तसेच आहे. जी गोष्ट पोकळीच्या आत नाही, तिच्याबद्दल ही तपासणी अंदाज देते, पुरावा देत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. एचएसजी म्हणजे एक चित्र नसून काही मिनिटांत घडणाऱ्या प्रवाहाची चार-पाच टप्प्यांवर थांबवलेली दृश्ये असतात. द्रव सोडण्यापूर्वी एक कोरी फिल्म घेतात. दोन-तीन मिलिलिटर द्रव गेल्यावर, म्हणजे पोकळी नुकती भरू लागली असताना, दुसरी घेतात. पोकळी पूर्ण भरल्यावर तिसरी, नळ्या भरताना चौथी आणि द्रव उदरपोकळीत पडल्यावर पाचवी घेतात. काही वेळा दहा-पंधरा मिनिटे थांबून आणखी एक फिल्म काढतात, तिला उशिराची फिल्म म्हणतात. एकूण द्रव साधारण 10 ते 20 मिलिलिटर लागतो. यातली एकच फिल्म पाहून दिलेले मत कच्चे असते, कारण एका टप्प्यावर दिसणारी खूण पुढच्या टप्प्यावर झाकली जाते आणि काही खुणा फक्त दोन फिल्मची तुलना केल्यावरच कळतात. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना केवळ टाइप केलेला अहवाल नेऊ नये. सगळ्या फिल्म किंवा सीडी बरोबर न्यावी.

तपासणीचा दिवसही वाचनाशी जोडलेला असतो. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून साधारण सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत ती करतात. तेव्हा रक्तस्राव थांबलेला असतो, गर्भ राहिलेला नसतो आणि गर्भाशयाचे अस्तर पातळ असते. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात अस्तर जाड होते आणि त्याच्या घड्या पोकळीत उंचवट्यासारख्या दिसू लागतात. मग नसलेला पॉलिप दिसल्याचा भास होतो. रक्ताची गुठळी आत राहिली असेल तर तीही तशीच फसवते.

पोकळीचा त्रिकोण

निरोगी पोकळी फिल्मवर उलट्या त्रिकोणासारखी दिसते. पाया वर असतो आणि टोक खाली गर्भाशयमुखाकडे असते. वरची कड सरळ किंवा किंचित आत वळलेली असते, दोन्ही बाजू थोड्या आत झुकलेल्या असतात आणि कडा नितळ असतात. वरच्या दोन कोपऱ्यांतून नळ्या निघतात. टोकाच्या खाली मुखाचा मार्ग दिसतो, आणि त्याच्या कडा पिसाच्या काठासारख्या दातेरी असल्या तरी तो दोष नाही, कारण तिथल्या अस्तराच्या घड्या तशाच असतात.

त्रिकोण चपटा, आखूड किंवा एखाद्या अंड्यासारखा दिसला तर पोकळीत दोष आहे असे मानण्याआधी गर्भाशय कोणत्या दिशेला कलले आहे हे पाहावे लागते. पुढे किंवा मागे बरेच झुकलेले गर्भाशय क्ष-किरणांना समोरून न दिसता टोकाकडून दिसते. ताट उभे धरून समोरून पाहिले तर गोल दिसते आणि कडेकडून पाहिले तर नुसती पट्टी दिसते, तसाच हा प्रकार आहे. मुखाला लावलेल्या चिमट्याने गर्भाशय हलके ओढून सरळ केले, किंवा रुग्णेला थोडे कुशीवर वळवले, की त्रिकोण पुन्हा उघडतो. फुग्याचा कॅथेटर वापरला असेल तर फुगलेला फुगा पोकळीचा खालचा भाग झाकतो. म्हणून शेवटी फुगा रिकामा करून एक फिल्म घेतलेली असावी. ती नसेल, तर खालच्या भागाबद्दल मत देताना ही उणीव मान्य करावी लागते.

पांढऱ्या त्रिकोणात जिथे काळी जागा उरते, तिथे द्रवाला कशाने तरी अडवलेले असते. ती काळी जागा कशाची आहे हे आकारावरून जितके कळते, त्याहून अधिक ते तिच्या वागण्यावरून कळते. हवेचा बुडबुडा अगदी गोल आणि रेखीव असतो, बऱ्याचदा एकाहून अधिक असतात, आणि पुढच्या फिल्ममध्ये तो सरकलेला असतो किंवा नळीतून निघून गेलेला असतो. पॉलिप म्हणजे अस्तरावरची मऊ वाढ. ती सर्व फिल्ममध्ये एकाच जागी राहते, कडा नितळ असतात, आणि पोकळी अर्धवट भरलेली असतानाच ती सर्वांत स्पष्ट दिसते. पोकळी पूर्ण भरली की दाट पांढऱ्या द्रवात लहान पॉलिप बुडून जातो. नुकत्या भरू लागलेल्या पोकळीची फिल्म इतकी महत्त्वाची का, याचे हेच कारण आहे. घाईने द्रव सोडून ती फिल्म घेतलीच नाही, तर पॉलिप निसटण्याची शक्यता राहते. पोकळीत डोकावणारा फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची गाठ, बहुधा मोठा असतो, रुंद बुडाने भिंतीला चिकटलेला असतो आणि त्रिकोणाचा आकारच बदलून टाकतो. पण लहान फायब्रॉइड आणि पॉलिप यांत फिल्मवरून ठामपणे फरक करता येत नाही. तिथे सोनोग्राफी किंवा हिस्टेरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून पोकळीत पाहणे, लागते.

चिकटलेल्या भिंतींचे, म्हणजे ॲशरमन सिंड्रोमचे, चित्र निराळे असते. काळी जागा गोल नसते. ती कोनदार, वेडीवाकडी, टोकदार किंवा रेघेसारखी असते, आणि कितीही द्रव सोडला तरी जशीच्या तशी राहते, कारण तिथे पुढची भिंत मागच्या भिंतीला चिकटलेली असते आणि मध्ये पोकळीच नसते. क्युरेटिंग झाल्याचा इतिहास असेल तर ही शक्यता आणखी वाढते. भारतात अशी पोकळी दिसली की गर्भाशयाच्या क्षयरोगाचाही विचार करावाच लागतो. क्षयात पोकळी आकसते, कधी इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी अरुंद होते आणि नळ्या ताठ, गाठीगाठींच्या किंवा टोकाशी बंद दिसतात. द्रव सोडण्याआधीच्या कोऱ्या फिल्मवर ओटीपोटात चुन्याचे ठिपके दिसले तर संशय बळावतो. तरीही फिल्म ही क्षयाची सिद्धता नव्हे. त्यासाठी अस्तराचा तुकडा घेऊन त्याची सूक्ष्मदर्शकाखालची, कल्चरची आणि जनुकीय तपासणी करतात.

पोकळी दोन शिंगांसारखी फाकलेली दिसली तर सगळ्यांत जास्त सावधपणा हवा. एकाच गर्भाशयाच्या आत मधोमध पडदा असू शकतो, किंवा गर्भाशय बाहेरूनच दोन भागांत विभागलेले असू शकते. दोन्हींत आतली नक्षी जवळजवळ सारखीच उमटते. दोन शिंगांतला कोन 75 अंशांपेक्षा कमी असेल तर पडदा असण्याची शक्यता अधिक आणि 105 अंशांपेक्षा जास्त असेल तर द्विशृंगी गर्भाशयाची शक्यता अधिक, असा जुना नियम सांगितला जातो. पण मधल्या कोनांत तो निरुपयोगी ठरतो आणि टोकांनाही चुकू शकतो, कारण खरा फरक गर्भाशयाच्या वरच्या बाहेरच्या कडेत असतो आणि ती कड या फिल्मवर उमटतच नाही. हा फरक केवळ नावापुरता नाही. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत पडदा दुर्बिणीतून कापण्याचा विचार करता येतो. द्विशृंगी गर्भाशयात मधला भाग पडदा समजून कापू लागले तर गर्भाशयाला छेद जाण्याचा धोका असतो. म्हणून अहवालात ‘द्विशृंगी गर्भाशय’ असे लिहिलेले असले, तरी थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून बाहेरची कड पाहिल्याशिवाय तो शब्द पक्का धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच प्रकारातली एक फसगत सहज ध्यानात येत नाही. पोकळी एका बाजूला झुकलेली, केळ्यासारखी लांबट आणि एकच नळी असलेली दिसली तर एकशृंगी गर्भाशय असा निष्कर्ष निघतो. पण काही स्त्रियांना दोन गर्भाशये आणि दोन गर्भाशयमुखे असतात. द्रव त्यांपैकी एकाच मुखातून सोडला गेला, तर फिल्म हुबेहूब अशीच येते. तेव्हा या फिल्मचे उत्तर फिल्ममध्ये नसून तपासणीच्या टेबलावर असते. योनिमार्गात पाहून दुसरे मुख आहे का ते शोधावे लागते.

नळी कुठे थांबली

त्रिकोणाच्या कोपऱ्यातून निघणारी नळी सुरुवातीला दोऱ्याइतकी बारीक असते. काही अंतर ती तशीच जाते, मग रुंदावते, आणि त्या रुंद भागात आतल्या घड्यांच्या बारीक लांबट रेघा दिसतात. या रेघा दिसणे चांगले लक्षण मानतात, कारण त्यावरून आतले अस्तर शाबूत असण्याची शक्यता कळते. द्रव जिथे थांबला ती जागा शोधणे हे नळीच्या वाचनातले पहिले काम आहे, कारण थांबण्याच्या जागेवरून कारणही बदलते.

द्रव अगदी कोपऱ्यावरच थांबला आणि नळी मुळीच भरली नाही, तर तिथे खरा अडथळा असेलच असे नाही. नळी जिथे गर्भाशयाच्या भिंतीतून जाते तिथे स्नायू असतो. वेदना, भीती किंवा जोराने सोडलेला द्रव यांमुळे तो आकुंचन पावतो आणि नळीचे तोंड तात्पुरते मिटते. चिकट स्रावाची किंवा पेशींच्या चुऱ्याची गुठळीही तोंडात अडकू शकते. आणखी एक साधे कारण असे, की एक नळी सहज उघडली की द्रव सोप्या वाटेने तिकडेच वाहतो आणि दुसरीकडे दाब पोहोचत नाही. शेतात पाणी सोडताना एका वाफ्याचे दार मोकळे असले की शेजारचा वाफा कोरडा राहतो, तसेच इथेही होते. कोपऱ्याच्या टोकाचा आकार पाहून आकुंचन आणि अडथळा वेगळे ओळखता येतात असे काही जण मानतात, पण त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

म्हणून तपासणी चालू असतानाच काही गोष्टी करायच्या असतात. द्रव थांबवून काही मिनिटे वाट पाहावी, आकुंचन सैल करणारे औषध द्यावे, रुग्णेला कुशीवर वळवावे आणि मग अगदी सावकाश पुन्हा द्रव सोडावा. तरीही नळी भरली नाही, तर ‘कोपऱ्यापाशी नळी भरली नाही, आकुंचन वगळता येत नाही’ अशी भाषा अहवालात योग्य ठरते. एचएसजीवर कोपऱ्याशी बंद वाटलेल्या नळ्यांपैकी मोठा भाग दुसऱ्यांदा तपासल्यावर मोकळा निघतो. एका अभ्यासात साधारण महिन्याभराने पुन्हा एचएसजी केल्यावर सुमारे 60 टक्के स्त्रियांत नळी उघडी दिसली. तेव्हा पहिल्या फिल्मवरून ‘कायमची बंद’ हा शब्द वापरणे अन्यायाचे आहे.

द्रव नळीच्या दूरच्या टोकापर्यंत गेला आणि तिथे थांबला, तर अर्थ अगदी निराळा होतो. तिथे आकुंचनाची सबब चालत नाही. नळीचा शेवटचा भाग फुगलेला, घड्यांच्या रेघा पुसल्या गेलेल्या, आणि उशिराच्या फिल्ममध्येही द्रव तसाच साचलेला, असे चित्र हायड्रोसाल्पिंक्सचे असते, म्हणजे टोक बंद होऊन नळीत पाणी भरलेले असते. हे निदान महत्त्वाचे आहे, कारण त्या साचलेल्या पाण्यामुळे आयव्हीएफमध्येही गर्भ रुजण्याची शक्यता घटते, आणि म्हणून आयव्हीएफपूर्वी अशी नळी काढून टाकण्याचा किंवा गर्भाशयापाशी बंद करण्याचा सल्ला देतात. अशा फुगलेल्या नळीत द्रव गेला असेल तर संसर्गाचा धोका वाढतो. तपासणीनंतर प्रतिजैविक देतात ते यासाठीच. नंतर ताप किंवा वाढती पोटदुखी सुरू झाली तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

द्रव सांडला, पण कुठून आणि कसा

नळीचे टोक मोकळे असेल तर द्रव त्यातून बाहेर पडतो आणि आतड्यांच्या वेटोळ्यांमधून पसरतो. फिल्मवर हे ओल्या कागदावर पसरलेल्या पातळ रंगासारखे दिसते. कडा धूसर असतात, काही ठिकाणी आतड्याच्या बाहेरच्या वळणांना धरून चंद्रकोरीसारख्या पांढऱ्या रेघा उमटतात, आणि वेळ जातो तसा पांढरेपणा पातळ होत सगळीकडे विखुरतो. याला मुक्त स्पिल म्हणतात. याउलट द्रव नळीच्या टोकापाशीच एका गोलसर डबक्यात साचला आणि उशिराच्या फिल्ममध्येही तिथेच राहिला, तर नळीभोवती चिकटलेल्या पडद्यांचा संशय येतो. टोक उघडे आहे, पण बाहेर पडलेले स्त्रीबीज त्या टोकापर्यंत पोहोचणे कठीण होऊ शकते. फुगलेली नळी आणि हे डबके यांत गल्लत होऊ शकते. डबक्यात घड्यांच्या रेघा नसतात आणि त्याचा आकार नळीच्या मार्गाला धरून नसतो, एवढे पाहिले तर बहुधा फरक कळतो.

आता सुरुवातीला सांगितलेली चूक पाहू. उजव्या नळीतून सांडलेला द्रव ओटीपोटाच्या तळाशी जातो, गर्भाशयामागच्या खोलगट भागात साचतो आणि तिथून डावीकडेही पसरतो. उशिराच्या फिल्ममध्ये दोन्ही बाजूंना पांढरे दिसते. ती एकच फिल्म पाहिली तर दोन्ही नळ्या मोकळ्या वाटतील. म्हणून नियम असा, की ज्या बाजूची नळी कोपऱ्यापासून टोकापर्यंत भरताना दिसली आणि तिच्या टोकापासून द्रव निघताना दिसला, त्याच बाजूची स्पिल मोजायची. दोन्हीकडे एकाच वेळी स्पिल झाली असेल तर ती दाखवणारी फिल्म लवकरच्या टप्प्यातली असावी लागते.

दुसरा धोका रक्तवाहिन्यांचा. दाब जास्त झाला किंवा अस्तर दुखावलेले असले, तर द्रव गर्भाशयाच्या शिरांमध्ये शिरतो. कोपऱ्याच्या आसपास बारीक जाळे उमटते आणि त्याच्या वर किंवा बाजूला पांढऱ्या रेघा धावतात. नवशिक्याला ती नळी किंवा स्पिल वाटू शकते. पण नळी एक असते आणि तिची वाट ठरलेली असते. शिरांच्या फांद्या फुटतात, त्या लगेच वरच्या बाजूला वाहून जातात आणि पुढच्या फिल्ममध्ये जवळजवळ पुसल्या जातात. हे दिसले की द्रव सोडणे थांबवतात.

एक फिल्म-संच, शेवटपर्यंत

आतापर्यंतच्या गोष्टी एकत्र कशा लागू होतात ते पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ते एका विशिष्ट स्त्रीचे नाही. अशा फिल्म वाचताना दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते मांडले आहे. वय 31, दोन वर्षांपासून मूल व्हावे म्हणून प्रयत्न, पाळीत पोटात बरेच दुखते, सोनोग्राफीत ठळक दोष नाही. एचएसजी पाळीच्या नवव्या दिवशी केली. कोऱ्या फिल्मवर चुन्याचे ठिपके नाहीत. अहवालात लिहिले आहे: गर्भाशयाची पोकळी सामान्य, दोन्ही बाजूंनी स्पिल दिसते.

फिल्म क्रमाने लावून पाहिल्या. दुसऱ्या फिल्ममध्ये, पोकळी निम्मी भरली असताना, डाव्या कोपऱ्याजवळ साधारण सेंटिमीटरभर लांबीची अंडाकृती काळी जागा आहे. तिची कड नितळ आहे. तिसऱ्या फिल्ममध्ये पोकळी गच्च भरली आहे आणि ती जागा फक्त किंचित करडी दिसते. चौथ्यात जवळजवळ काहीच दिसत नाही. हा बुडबुडा असता तर सरकला असता. इथे खूण मात्र आपली जागा सोडत नाही, द्रव वाढला तशी ती नुसती झाकली जाते. चिकटलेल्या भिंती असत्या तर कडा टोकदार असत्या आणि भरल्यावरही ठळक राहिल्या असत्या. पॉलिप ही सर्वांत जवळची शक्यता ठरते. अहवाल लिहिणाऱ्याने बहुधा भरलेल्या पोकळीच्या फिल्मवर नजर ठेवून ‘सामान्य’ लिहिले असावे.

नळ्यांकडे पाहता उजवी नळी दोऱ्यासारखी निघून रुंदावते, घड्यांच्या रेघा दिसतात, चौथ्या फिल्ममध्ये तिच्या टोकापासून धूसर पांढरेपणा निघतो. डाव्या कोपऱ्यापलीकडे मात्र एकाही फिल्ममध्ये काही भरलेले नाही. पाचव्या, उशिराच्या फिल्ममध्ये दोन्हीकडे पांढरे आहे, पण डावीकडचा भाग मध्यभागी गर्भाशयाखालून उजवीकडच्या भागाशी सलग जोडलेला आहे. म्हणजे अहवालातली ‘दोन्ही बाजूंनी स्पिल’ ही उजवीकडची स्पिल ओलांडून गेलेली आहे. योग्य वाचन असे होते: डाव्या कोपऱ्याजवळ पॉलिपची शक्यता, उजवी नळी मोकळी, डावी नळी कोपऱ्यापाशी भरली नाही, कारण ठरवता येत नाही.

या वाचनाने पुढची वाट बदलली. आधीच्या अहवालावरून ‘सगळे ठीक आहे’ म्हणून औषधांची आणखी काही चक्रे झाली असती. डावी नळी कायमची बंद धरली असती तर तिचा विचारच सोडून दिला गेला असता. पाळीतल्या वेदनांमुळे एन्डोमेट्रिओसिसचाही, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचाही, संशय होता, म्हणून एकाच भुलीत हिस्टेरोस्कोपी आणि लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून पोटाच्या आत पाहणे, करायचे ठरले. हिस्टेरोस्कोपीत डाव्या नळीच्या तोंडावर पडलेला पॉलिप दिसला आणि तो काढला. मग लॅप्रोस्कोपीतून पाहत असताना गर्भाशयमुखातून निळा द्रव सोडला, तेव्हा तो डाव्या नळीच्या टोकातून बाहेर आला. ती नळी बंद नव्हती, तिचे दार अडवले गेले होते.

आणि उजव्या नळीचे? फिल्मवर तिची स्पिल निर्दोष दिसली होती. लॅप्रोस्कोपीत मात्र तिच्या आणि बीजकोषाच्या मध्ये पातळ चिकटलेले पापुद्रे आणि एन्डोमेट्रिओसिसचे काही डाग आढळले. द्रव त्यांच्या फटीतून सहज निघून गेला होता, म्हणून फिल्मवर काही उमटले नाही. नळी बंद आहे की नाही हे ओळखण्यात एचएसजी किती अचूक, याचा अनेक अभ्यास एकत्र करून 1995 मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात लॅप्रोस्कोपीच्या तुलनेत बंद नळी ओळखण्याचे प्रमाण सुमारे 65 टक्के आणि मोकळी नळी मोकळी म्हणून ओळखण्याचे सुमारे 83 टक्के निघाले, आणि नळीबाहेरच्या चिकटलेल्या पडद्यांसाठी ही तपासणी भरवशाची नाही असेही त्यात दिसले. या रुग्णेच्या बाबतीत डावीकडे फिल्मने नळी बंद असल्याचा भास दिला आणि उजवीकडे नळीबाहेरचे चिकटणे लपवले. पापुद्रे सोडवले, डाग जाळले, आणि टाके भरल्यावर पुढच्या पाळीपासून तिने पुन्हा प्रयत्न सुरू केले.